कोपरा कातरलेलं भाववाढीचं पत्र

माझं अक्षर चांगलं म्हणून मला या घरात करून आणलं, असं माझी आई शेवटपर्यंत म्हणायची. ते अगदीच खोटं नव्हतं. सासूबाई मला बघायला आल्या तेव्हा त्यांनी मला चालायला लावलं नाही की स्वयंपाकाचं विचारलं नाही. पाटी-पेन्सिल मागवली आणि म्हणाल्या, "लिही, तुमची मागणी पोचली, पुडी पाठवली हाय." मी 'हाय'चं 'आहे' करून लिहिलं. त्यांनी पाटी डोळ्यांजवळ नेली, लांब धरली, आणि शेजारच्या बाईला म्हणाल्या, "झ्याक. ठरलं म्हना." नवरा मुलगा तिथेच कोपऱ्यात बसला होता. त्याला कुणी काही विचारलंच नाही.

आमचं घर पौडच्या पुढे, मुळशीच्या वाटेवर. भाताची थोडी खाचरं, दोन बैल आणि पडवीत एक भलं मोठं उखळ. शेती दिराकडे होती आणि उखळ सासूबाईंचं. त्या शिकेकाई कुटायच्या. नुसती शिकेकाई नव्हे. तिच्यात आवळकाठी, नागरमोथा, गव्हला कचरी असं सगळं वाळवून, कुटून, पातळ धोतराच्या फडक्यातून चाळून त्या पुड्या बांधायच्या. ह्या पुड्या मुंबईला जात. सासूबाईंचा भाऊ मुंबईत जेवणाचे डबे पोचवायचा. ज्या घरांतून डबा उचलायचा त्या घरांत त्याने सुरुवातीला एकेक पुडी दिली. दादरच्या एका बाईने गिरगावच्या बहिणीला सांगितलं, तिने आपल्या नणंदेला, असं करत गिऱ्हाईक जमलं. भाऊ वारला तोवर ह्या बायकांना सवय लागलेली होती. मग त्या पत्र टाकून, मनीऑर्डर करून पुड्या मागवायला लागल्या. साठ-सत्तर घरं होती. त्यांपैकी एकीचंही तोंड सासूबाईंनी पाहिलं नव्हतं, पण कुणाला कोरडे केस आहेत, कुणाच्या मुलीला कोंडा होतो, हे त्यांना पाठ. एखादीची मागणी वेळेवर आली नाही की त्या दोन दिवस चिडचिड करायच्या. "आजारी आसंल गं ती," म्हणायच्या, जशी काही सख्खी नणंदच.

मला ह्या बाईची सुरुवातीला भीती वाटायची आणि हळूहळू अप्रूप वाटायला लागलं. एवढासा जीव, वैधव्य आलेलं, चौथीपर्यंतची शाळा, आणि मुंबईच्या बायका तिला 'आदरणीय' लिहायच्या.

माझ्या लग्नाला तीनेक वर्षं झाली असतील. माघ महिना होता. शिकेकाई आणून देणारी कातकरीण दरवर्षीप्रमाणे आली, पण डोक्यावर गाठोडं नव्हतं. ती पडवीच्या कडेला उकिडवी बसली, पाणी प्याली आणि म्हणाली, "आई, औंदा जुना दर न्हाई परवडायचा."

सासूबाईंचं उखळ थांबलं. "का गं?"

"जवळच्या येली गेल्या. कोळशावाल्यानं समदा उतार तोडला. आता पार घाटाच्या कड्याला जावं लागतंय. जायला एक दिस, यायला एक दिस. पोरगी बी संगं न्यावी लागती. पायलीला दीडपट द्या, न्हाईतर मी दुसरं काम बघते."

दीडपट! मी मनात म्हटलं, आता हिची काही खैर नाही. सासूबाई भाजीवालीशी अर्ध्या पैशासाठी भांडत, ते मी रोज पाहत होते. पण त्या भांडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "मला दावतीस?"

"काय?"

"कुटवर जातीस ती जागा. मला माझ्या डोळ्यानं बघू दे. मग दराचं बोलू."

त्या रविवारी हे घरी आले होते. हे म्हणजे माझे यजमान. ते खडकीच्या कारखान्यात कामाला होते आणि शनिवारी संध्याकाळच्या एस.टी.ने घरी यायचे. त्यांनी आईची ही गोष्ट ऐकली आणि कपाळावर हात मारला. "अगं आई, डोंगरात काय बघायचंय? पुडीत मूठभर कमी घाल. भाव तोच ठेव. मुंबईत कुणाला कळतंय?"

"माज्या हाताला कळंल," सासूबाई म्हणाल्या. "मूठ माजी हाय."

"मग बंद कर हे. एवढं कुटून-कुटून खांदे गेले तुझे. माझ्याकडं चल खडकीला, आरामात राहा."

खडकीला ह्यांची दीड खोली होती. अर्धी खोली म्हणजे जिन्याखालची जागा. सासूबाई त्या खोलीत एकदा राहून आल्या होत्या आणि आल्या त्या दिवशी पडवीत आडव्या पडून म्हणाल्या होत्या, "श्वास आला." त्यामुळे हे 'आरामात राहा' म्हणाले तेव्हा सासूबाईंचा चेहरा कसा झाला ते फक्त मला दिसलं. दिराच्या खाचरांवर सगळ्यांचं भागणारं नव्हतं. धंदा चालला तर त्या इथे होत्या. मोडला तर दीड खोलीत. ह्यात मधलं काही नव्हतं.

आम्ही दोघी गेलो. पहाटे निघालो. कातकरीण आणि तिची मुलगी पुढे, मागे सासूबाई काष्टा खोचून, आणि सगळ्यात मागे मी धापा टाकत. पहिला उतार लागला तो सगळा बोडका. तोडलेल्या झाडांचे बुंधे आणि मधूनमधून कोळशाच्या भट्ट्यांची काळी वर्तुळं. सासूबाई तिथे थांबल्या. "हितं जांभळी हुत्या," म्हणाल्या. "मी लग्न होऊन आले तवा हितं दिवसा यायची भीती वाटायची." त्यांनी एका बुंध्याला हात लावून पाहिला, आणि पुन्हा चालायला लागल्या.

वर, कड्याच्या अलीकडे, रान अजून जिवंत होतं. तिथे तो वेल मी पहिल्यांदा पाहिला. तीन वर्षं ज्या शेंगा निवडत होते, कुटत होते, चाळत होते, त्या कुठून येतात ते मला ठाऊकच नव्हतं. माझ्या डोक्यात काकडीसारखा वेल होता. हा वेल माझ्या मांडीएवढा जाड होता. एका मोठ्या झाडाला विळखा घालून, त्याचा शेंडा गाठून, तिथून दुसऱ्या झाडावर गेलेला. वर बघता बघता माझा पदर खाली पडला तरी मला कळलं नाही. शेंगांचे झुबके थेट आभाळाला लागलेले, आणि अंगभर काटे, सगळे मागे वळलेले. मी हात जोडले. का जोडले ते मला आजही नीट सांगता येणार नाही. देवळात जोडतात तसे आपोआप जोडले गेले.

मुलगी झाडावर चढली. खालून आईने आकडी लावलेला बांबू वर दिला. मुलगी झुबका ओढायची, आई खाली गोळा करायची. मीही हौसेने पुढे झाले आणि दंडाला काटा रुतला. मी झटकन हात मागे ओढला, तर तो आणखी आत गेला. कातकरीण हसली. "माघारी वडू नका. म्होरं सरका, मंग सुटतोय." मी पुढे सरकले, तर खरंच सुटला. तिचे स्वतःचे दंड पाहिले तर जुन्यानव्या ओरखड्यांनी भरलेले होते.

सासूबाई एका दगडावर बसून हे सगळं बघत होत्या. मग म्हणाल्या, "दीडपट दिली."

"बघा हां आई. मागनं..."

"दिली म्हनलं ना. जेवढी आनशील तेवढी घीन."

रात्र वरच काढून सकाळी खाली उतरताना मला सुचत नव्हतं की आता मुंबईच्या बायकांना काय सांगायचं. शब्द तर देऊन झाला होता. सव्वा रुपयाची पुडी दीड रुपयाला करावी लागणार होती, आणि तेव्हा घराघरात डबीतला साबण आला होता. बायकांना निमित्तच हवं असणार, असं मला वाटत होतं.

घरी परतल्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी पत्र लिहायला बसलो. माझ्या अंगात तेव्हा सातवीची फायनल पास झाल्याचा ताठा होता. मी झोकात लिहिलं, 'महागाईच्या भीषण वणव्यात सर्वच व्यापारी होरपळत असता नाइलाजास्तव...' आणि वाचून दाखवलं.

"कुटं लागला वनवा?" सासूबाईंनी विचारलं.

"तसं म्हणायची रीत असते, आत्याबाई."

"आपल्या उतारावर वनवा न्हाई लागला. झाडं तोडली. जे झालं त्ये लिव्ह. आन् 'नाइलाजास्तव' खोड. आपला इलाज चाललाय की. भाव वाढिवतोय ह्योच इलाज."

मी खोडलं. मग त्यांनी सांगितलं आणि मी लिहिलं. त्यांची भाषा मी पुस्तकी केली तेवढीच माझी भर. कार्डाच्या दोन्ही बाजू वापरून मजकूर बसवला. अजून तो मला जवळजवळ तोंडपाठ आहे:

'तुम्हां सर्वांना नमस्कार. येत्या गुढीपाडव्यापासून शिकेकाईची पुडी सव्वा रुपयाऐवजी दीड रुपयाला पडेल. आधी पैसे आलेत त्यांना जुन्याच भावाने मिळेल. कारण असे की, आमच्या जवळच्या रानातली झाडे तुटली व वेल गेले. आता शेंगा दूरच्या कड्यावरून आणाव्या लागतात. आणणाऱ्या बाईंना आम्ही दीडपट दर कबूल केला आहे. मी स्वतः जाऊन पाहिले, मागणे रास्त आहे. वाढलेल्या पंचवीस पैशांतले वीस शेंगांना जातील व पाच आवळकाठीला, तीही महागली आहे. आमचा नफा वाढवलेला नाही. पुडीचे वजन व माल पूर्वीचाच राहील, त्यात काही मिसळणार नाही. ज्यांना परवडणार नाही त्यांनी अर्धी पुडी मागवावी, किंवा बंद करावी, आम्हांला राग नाही. इतकी वर्षे मागवलीत, उपकार आहेत.'

मी शेवटी म्हटलं, "आत्याबाई, 'बंद करावी' कशाला लिहायचं? त्यांना आपण होऊन रस्ता कशाला दाखवायचा?"

"रस्ता त्यांना ठावं हाय. आपुन दावला तर जाताना चोरावानी वाटत न्हाई मान्साला."

साठ-सत्तर कार्डं. माझी बोटं सुजली. लिहून झालेली कार्डं मी भाताच्या कणगीवर रचून ठेवत गेले, आणि शेवटचं कार्ड लिहून झाल्यावर गठ्ठा बांधायला गेले तर काय! उंदरांनी गठ्ठ्याचा एक कोपरा व्यवस्थित कुरतडून ठेवला होता. सगळ्याच कार्डांचा उजवा कोपरा गेलेला. मजकूर आणि पत्ता शाबूत, फक्त कोपरा नाही.

आता हे आजच्या मुलांना सांगावं लागतं. कोपरा फाडलेलं कार्ड म्हणजे मयताचं कार्ड. पोस्टमनने ते हातात दिलं की लांबूनच कळायचं. उंबऱ्याबाहेर वाचायचं आणि तिथल्या तिथे फाडून टाकायचं. असलं कार्ड घरात ठेवत नसत.

मी रडकुंडीला आले. "आता सगळी पुन्हा लिहायची."

"का म्हनून?" सासूबाई म्हणाल्या. "कार्डाला काय पैसं पडत न्हाईत?"

"अहो, कोपरा गेलाय. मयताची वाटतील."

त्यांनी एक कार्ड उचललं, उलटंपालटं केलं. चांगल्या कामात एवढा खोडा आलेला त्यांना मान्य नव्हता, आणि जे मान्य नसेल त्याच्यासाठी त्यांना लगेच कारण सापडायचं. "मयताचा कोपरा मान्सानं फाडल्याला आसतो," त्या म्हणाल्या. "ह्यो उंदरानं खाल्लाय. उंदीर कुनाचं वाहन?"

"गणपतीचं."

"मग? गनपतीनं आधी परसाद घेतला. आन कातर."

त्यांनी स्वतः बसून प्रत्येक कोपरा कातरीने सरळ कापला. 'फाडला न्हाई, कातरला,' असं कार्डागणिक म्हणत होत्या, जणू पलीकडे कुणी वकील बसला होता. माझं मन काही मानेना. मग त्यांनी तोडगा काढला, की समोरच्या कोपऱ्याला मी कुंकवाचं बोट लावायचं, लग्नपत्रिकेला लावतात तसं. म्हणजे एका कोपऱ्याला मयत आणि दुसऱ्याला लग्न. मी लावलं. सवाष्ण मी असल्यामुळे ते काम माझ्याकडे आलं. पौडला जाऊन कार्डं पेटीत टाकून आले, आणि दोन्ही हात कपाळाला लावले.

पाडवा झाला. कातकरीण पोती आणून टाकायला लागली. सासूबाई दिल्या शब्दाप्रमाणे सगळी घेत होत्या. पडवी भरली, मग माजघर भरलं. पोस्टमन आठवड्यातून दोनदा यायचा. एरवी त्या दिवसांत त्याच्या हातात आमच्यासाठी काही ना काही असायचं. आता तो सायकल न थांबवता लांबूनच हात हलवून जायचा. सासूबाई उखळ चालवत राहिल्या, पण त्यांचं लक्ष रस्त्याकडे होतं. मी त्यांच्याकडे बघायचं टाळत होते. एका शनिवारी हे आले, पोत्यांची थप्पी पाहिली आणि बैलांना पाणी पाजायला निघून गेले. त्यांनी बोलावं, निदान चिडावं, असं मला वाटत राहिलं. गुपचूप जाऊन त्यांनी खडकीच्या खोलीत दुसरी खाट टाकली, हे मला नंतर कळलं.

आणि मग एके दिवशी पोस्टमन सायकलवरून उतरला. उतरून चपला काढल्या. खांद्यावरची पिशवी पुढे घेतली आणि हळू आवाजात मला विचारलं, "वैनी, घरात समदं ठीक हाय नव्हं?"

"का हो?"

"न्हाई, टपाल लई आलंय," असं म्हणून त्याने एवढा मोठा गठ्ठा माझ्या हातात दिला.

वरच्याच पाकिटावर पत्ता होता, 'कै. शिकेकाईवाल्या आजी यांच्या कुटुंबीयांस'.

सासूबाई उखळाजवळूनच म्हणाल्या, "मागन्या हायेत का? वाच की."

मी म्हटलं, "आत्याबाई, घोटाळा झालाय. तुम्ही वारलात असं त्यांना वाटलंय."

मुसळ तसंच वर राहिलं. मला वाटलं, आता अंगारा, दृष्ट, काय काय करावं लागणार. पण ती बाई आमच्या घरात माझ्यासमोर पहिल्यांदाच तोंडाला पदर लावून हसली. "आगंबया! किती जनीस्नी?"

"सगळीच तशी दिसतायत."

"मग वाच. मेल्यावर काय म्हनत्यात त्ये कुनाला ऐकाया मिळतंय?"

मी उंबऱ्यावर बसले आणि वाचायला लागले. कोपरा दिसताच बऱ्याच जणींनी कार्ड धड वाचलं नव्हतं. 'शिकेकाई', 'इतकी वर्षे', 'उपकार आहेत' एवढे शब्द नजरेला पडले आणि त्यांनी ते फाडून टाकलं होतं, आणि आमचं सुतक सरेपर्यंत पत्र टाकायच्या थांबल्या होत्या. दादरच्या बाईंनी लिहिलं होतं की त्यांची मुलगी दर रविवारी न्हाते आणि शिकेकाईच्या वासाने तिला अजून आजोळ आठवतं. आजोळ कधीच बुडालं आहे, पण वास राहिला आहे. गिरगावच्या एका बाईंचे केस टायफॉइडमध्ये गेले होते. त्यांनी लिहिलं, 'ते परत आले तेव्हा पहिल्यांदा तुमच्या आजींच्या पुडीने धुतले. त्यांना कधी सांगितले नाही. सांगायला हवे होते.' एकीने पुडी बांधायची दोरी जपून ठेवून तिचे वेणीत घालायचे गोंडे केले होते. आणि जवळजवळ प्रत्येकीने शेवटी लिहिलं होतं, पुडी बंद करू नका, पडेल ते पैसे देऊ.

सासूबाईंचं हसू कधी थांबलं ते मला कळलं नाही. त्या मुसळ खाली ठेवून, दोन्ही हात मांडीवर पालथे घालून बसल्या होत्या. हातांना शिकेकाईची पूड लागलेली होती, म्हणून डोळे पुसता येत नव्हते. मी पुढे होऊन पदराने पुसले. तोवर त्यांना शिवायचं धाडस मी कधी केलं नव्हतं.

शेवटचं पत्र एका गृहस्थांचं होतं. माटुंग्याहून. त्यांनी लिहिलं होतं, 'माझी पत्नी जाऊन पाच वर्षे झाली. तुम्हांस कळवले नाही, कारण कळवले तर पुडी बंद होईल असे वाटले. मला टक्कल आहे. पुडी फक्त न्हाणीघरात उघडून ठेवतो. आता आजीही गेल्या. तरी पुडी पाठवत जावी. भाव काय असेल तो घ्यावा, विचारू नये.'

"वाच परत," सासूबाई म्हणाल्या. मी परत वाचलं. बाहेर कोंबड्या ओरडत होत्या आणि मला वाटलं त्यांनी गप्प बसावं. ज्या माणसांना कधी पाहिलं नाही त्यांच्या न्हाणीघरात ही बाई इतकी वर्षं वावरत होती, आणि ते ना तिला माहीत होतं, ना मला. त्या कड्यावरच्या वेलाखाली उभी असताना वाटलं होतं तसंच मला पुन्हा वाटलं.

शनिवारी ह्यांनी सगळी पत्रं वाचली. त्यांचेही डोळे ओले झाले, पण डोकं त्यांचं कारखान्यातलं. म्हणाले, "आई, आता काही बोलू नको. लोक आपण होऊन मागतायत, भाव विचारू नका म्हणतायत. दीड काय, भाव दोन रुपयांवर ने. आम्ही लिहू, आजींच्या मागे सूनबाई चालवते. खोटं काय त्यात? सूनच लिहिते की."

मी सासूबाईंकडे पाहिलं. माजघरात पोती होती, खडकीला खाट होती, आणि हातात साठ घरं होती, भाव न विचारणारी. एवढं सोपं त्यांना आयुष्यात काही मिळालं नसेल.

"व्हय," त्या म्हणाल्या. "आन् माज्या मढ्यावर दीड रुपया घ्यू?"

ह्यांनी पत्रं पुन्हा गठ्ठ्यात बांधली.

"सूनबाई, कार्डं आन. न्हाई, थांब. आदी टोपली आन, कनगीवर झाकन घालू."

दुसरं पत्र त्यांनी न थांबता सांगितलं. 'मी जिवंत आहे. कार्डाचा कोपरा उंदराने खाल्ला होता, तो मी कातरला, ही चूक माझी. तुम्हांला दुःख झाले त्याची माफी मागते. जे कार्ड तुम्ही फाडले त्यात भाव वाढल्याचे लिहिले होते, ते खाली पुन्हा लिहिले आहे. भाव मी मेल्यामुळे वाढला नाही, शेंगांमुळे वाढला आहे. दुखवट्यापोटी कुणी मागणी केली असेल तर ती धरलेली नाही. हे पत्र वाचून वाटले तरच पुन्हा मागवावी.'

"आलेल्या मागण्यासुद्धा सोडायच्या?" मी विचारलं.

"त्या मला न्हाई आल्या. मेलेलीला आल्या."

ह्या वेळी मी कार्डं पितळी डब्यात ठेवली. चारही कोपरे मोजून पाठवले म्हणा ना. त्यानंतरचे दिवस पहिल्यापेक्षा कठीण गेले, कारण आता आपण काय गमावतोय ते आम्हांला कळलं होतं. पण उत्तरं यायला लागली. पाच-सहा जणींनी स्वच्छ लिहिलं की दीड रुपया जमत नाही. सासूबाईंनी तीही पत्रं आवडीने ऐकली. "ह्या शान्या. मला मानूस समजून बोलल्या," म्हणाल्या. काहींनी अर्धी पुडी मागितली. बाकीच्यांनी, म्हणजे पुष्कळ जणींनी, मेल्याची खोटी बातमी आली की आयुष्य वाढतं असं लिहून दीड रुपयाची मनीऑर्डर केली. माटुंग्याच्या गृहस्थांनी लिहिलं, 'भाव विचारू नये असे मी म्हटले होते, तरी तुम्ही सांगितलात. उंदरास माझा नमस्कार.'

पोती उन्हाळ्यात कुटून संपली. कातकरीण पुढच्या माघात त्याच दराने आली. खडकीची दुसरी खाट मोकळीच राहिली. पुढे तिच्यावर ह्यांनी ट्रंका ठेवल्या.

सासूबाई त्यानंतर सात-आठ वर्षं जगल्या. आयुष्य वाढलं म्हणायचं. एका दुपारी चाळणी हातात असतानाच त्या पडवीत कलंडल्या. पडवीतच, दीड खोलीत नव्हे. तेरावा झाल्यावर मी गिऱ्हाइकांना कार्डं लिहायला बसले. लिहून झाली तेव्हा प्रत्येकाचा कोपरा हाताने फाडला, कातरीने नाही. कुंकू कुठेच लावलं नाही. पौडला जाऊन पेटीत टाकून आले.

माटुंग्याहून उत्तर आलं. अक्षर आता फार थरथरत होतं. 'कार्ड मिळाले. कोपरा पाहिला. तुमच्याकडचे उंदीर ठाऊक असल्यामुळे पुढे वाचले नाही, जपून ठेवले आहे. आजींना नमस्कार. भाव वाढला असल्यास कळवावा, नेहमीप्रमाणे पाठवतो.'

मी ते पत्र घेऊन उखळापाशी बसले. ह्यांना वाटत होतं की म्हाताऱ्या माणसाला आता काही कळवू नये, पुडी पाठवत राहावी, त्याचं काय बिघडतं. मलाही क्षणभर तसंच वाटलं. मग मी डब्यातून कोरं कार्ड काढलं. लिहिलं की भाव तोच आहे, दीड रुपया, वजन तेच, शेंगा त्याच बाई आणतात. त्याखाली लिहायचं वाक्य चारच शब्दांचं होतं, पण त्याला मला सगळी दुपार लागली.

'ह्या वेळी उंदीर नव्हता.'